वरची मूठ आणि अर्धा किलो

"ठेव! ठेव म्हणते ना ते परत! हात झडून जातीन तुये!"

मोठीमाय अशी ओरडली की विहाराच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली आणि, आमच्या गल्लीत अजून सांगतात, त्यातली दोन थेट कामठीला जाऊन उतरली. मी जागीच थिजले. डाव्या हाताची मूठ ओढणीखाली होती. मुठीत मुंगवड्या होत्या. सतरंजीवर बसलेल्या बचत गटाच्या अकरा बायका माझ्या ओढणीकडे अशा बघत होत्या, जणू मी विहारातली समई पळवत होते.

"चोरी नाही करून राहिली, मोठीमाय," मी म्हटलं. "वजन कमी करून राहिली."

"तेच तं चोरी आहे!"

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यालाही मी चोरच वाटेन.

मिहानकडच्या एका गोदामात मी चार वर्षं काम केलं. लोक मोबाईलवर बोट टेकवतात आणि तिसऱ्या दिवशी दारात खोकं येतं, त्या दोन गोष्टींच्या मधे जे काही घडतं ते तिथे घडतं. माझं काम खोकी बांधायचं आणि परत आलेली उघडायचं. मी डोळे मिटून खोक्याचं वजन सांगायचे. एकदा तर खोकं न बघता, नुसता ट्रकचा आवाज ऐकून सांगितलं होतं. म्हणजे, थोडा अंदाज चुकला होता. ट्रक रिकामा होता. पण गल्लीत माझं नाव झालं ते झालंच. म्हणून आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंनी मला सांगितलं, "रविवारी दुपारी ये अन् पंधरा मिनिटं बोलजो. ऑनलाईन विकायचं कसं सुरू करतात, तेवढंच सांग. लंबं भाषण नको देजो."

पंधरा मिनिटांचं कारण मोठीमाय होती.

मोठीमाय ही कुणाची खरी मोठीमाय नाही, म्हणजे मोठी काकू नाही, पण सगळी वस्ती तिला तसंच म्हणते. गट पापड करतो, कुरड्या करतो, मसाला करतो, पण लोक थांबतात ते तिच्या मुंगवड्यांसाठी. मुगाची डाळ भिजवून ती पाट्यावरच वाटते, जाडसर. त्यात लसूण, आलं, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालते आणि धुतलेल्या लुगड्यावर बोटांनी टाकत जाते. नागपूरच्या उन्हात त्या वाळत नाहीत, शपथेवर सांगते, उभ्या उभ्या भाजून निघतात. हिवाळ्यातल्या प्रदर्शनात दहा दिवस ती स्टॉलवर मांडी घालून बसायची आणि वर्षाचा माल तिथेच संपायचा. यंदा तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. दुकानदाराला माल द्यायला ती तयार नव्हती. मग तिने मागच्या बैठकीत जाहीर केलं की आता बस झालं, पाटा भिंतीला उभा करून ठेवणार, यंदापासून वड्या बंद.

वड्या बंद म्हणजे मोठीमाय दिवसभर खाटेवर. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, तिलाही दिसत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. म्हणून अध्यक्षीणबाईंनी मला धरलं. बसल्या जागेवरून विकता आलं तर पाटा आडवाच राहील.

तर मी बोलायला उभी राहिले. गोदामातले किस्से सांगून सुरुवात करावी असा बेत होता, पण दुसऱ्याच वाक्याला प्रश्न सुरू झाले आणि माझं भाषण तिथेच वारलं. इतके प्रश्न मी आयुष्यात ऐकले नाहीत. आमच्या टेलरबाई, ज्या ब्लाऊज शिवतात आणि सगळ्यांच्या मापांसकट सगळ्यांच्या भानगडी ओळखून आहेत, त्यांचा पहिला प्रश्न: "फोटोतून वास येतो का वं?"

"नाही येत."

"मंग घेणारा कायच्यावर घेते?"

चार वर्षं खोकी बांधली, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. माणूस वास न घेता, चव न बघता, भाव न करता परक्या बाईच्या हातच्या वड्या कशावर घेतो?

"फोटोवर," मी म्हटलं, "अन् लिहिलेल्यावर. म्हणून जे लिहू ते खरंच लिहायचं. फोटोत चांदीची वाटी ठेवली तं वाटीबी पाठवा लागते."

हे मी गंमतीत म्हटलं नव्हतं. गोदामात एकदा चहापत्ती परत आली होती, कारण फोटोत कपबशी होती आणि खोक्यात नव्हती. हे ऐकून बायका हादरल्या. एकीने मांडीवरचा सजवलेलं पितळी तबक गुपचूप पिशवीत घातलं.

मग आम्ही सगळ्या अंगणात गेलो. घरातल्या ट्यूबलाईटखाली वड्या आजारी दिसतात, फोटो दिवसाउजेडी काढायचा, पण थेट उन्हात नाही, सावलीत. साधी पांढरी चादर. एक फोटो पाकिटाचा, एक वड्या हातावर घेऊन, म्हणजे आकार कळतो, आणि एक लेबलाचा. लेबल गटाकडे होतं. प्रदर्शनासाठी अन्न-नोंदणी काढावी लागली होती, ती मोठीमायच्या घराच्या पत्त्यावर होती, कारण माल तिथेच बनतो. नोंदणी क्रमांक, काय काय घातलंय ते, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, वजन, किंमत, हिरवा ठिपका. मी सांगितलं, "हे सगळं आधीच आहे, म्हणजे अर्धी लढाई झाली."

"अन् मोठमोठ्या साईटी?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "त्याइच्यावर कधी जायचं?"

"त्या कराची नोंदणी विचारतात, कमिशन कापतात, माल परत आला तं तोबी खर्च दाखवतात. ते नंतर, नीट विचारून. पहिले ज्या ॲपवर आपण गुड मॉर्निंग पाठवतो, त्याचाच धंद्याचा प्रकार टाकू. गटाचा वेगळा नंबर आहेच, तोच घेऊ. त्याच्यात वस्तूंची यादी लावता येते, फोटो, वजन, किंमत सगळं. लिंक पाठवली की घेणारा दुकानात आल्यासारखा पाहते."

"अन् त्याले आपलं घर दिसते का?" एका कोपऱ्यातून भीत भीत आवाज आला. "मायं घर आज झाडलं नाही."

"नाही दिसत."

"नक्की?"

"नक्की."

तरी ती बाई उठली आणि घर झाडून आली. खरं सांगते.

परत आत सतरंजीवर येऊन बसलो आणि यादी लागली. टेलरबाईंची लेक बंगळुरात असते, तिकडे नागपूरच्या लोकांचा एक ग्रुप आहे. तिच्याकडून लिंक तिथे टाकली. मी म्हटलं, दोन-चार दिवस वाट बघावी लागेल. दहा मिनिटं झाली नसतील, फोन टुणटुणला. एक बाई विचारत होत्या: पाट्यावरच्याच आहेत ना? मिक्सरच्या नको. चारशे ग्रॅमचं एक पाकीट पाठवाल का, आणि पाठवणावळ धरून किती?

अकरा बायका फोनवर अशा वाकल्या की फोनला घाम फुटला. मोठीमायने वाचायला चष्मा मागितला, चष्मा लावला, आणि वाचता येत नसल्याची आठवण झाल्यावर मला म्हणाली, "वाच ना वं, पुन्हा वाच." मी पाच वेळा वाचलं. पाट्यावरच्या, हा शब्द आला की तिची मान हलायची.

"सांग तिले भाव," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"थांबा," मी म्हटलं. गोदामातली अक्कल इथे कामाला आली. "आधी पार्सल बांधायचं, वजन करायचं, मग भाव सांगायचा. उलटं केलं की घरातून पैसे जातात."

टेलरबाईंनी उत्साहाने घरून बुटांचं खोकं आणलं. "हे घे, मजबूत आहे."

मी टेपने मोजलं. तीस सेंटिमीटर लांब, अठरा रुंद, अकरा उंच. "कुरिअरवाले दोन वजनं पाहतात," मी सांगितलं. "एक काट्यावरचं, एक खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची गुणायची अन् पाच हजारानं भागायचं. जे जास्त निघेल त्याचे पैसे. बहुतेक ठिकाणी असंच आहे." हिशेब केला तर जवळपास एक किलो दोनशे निघाले. अर्ध्या अर्ध्या किलोचे टप्पे असतात, म्हणजे त्या बुटाच्या खोक्याला दीड किलोचा भाव.

"आत तं काहीच नाही!" टेलरबाई चिडल्या.

"हवा आहे."

"हवेचे पैसे घेतात?"

"हवेचेच घेतात."

हा शोध वस्तीला इतका आवडला की पुढचे पंधरा दिवस कुणाचंही बोलणं लांबलं की बायका विचारायच्या, किती किलोची हवा झाली? पण त्या दुपारी एक लहान खोकं सापडलं. वीस, पंधरा आणि आठ. चारशे ऐंशी ग्रॅम. अर्ध्या किलोच्या आत. आता फक्त काटाही अर्ध्या किलोच्या आत राहायला हवा होता.

चारशे ग्रॅम वड्या, पाकीट, खोकं, आत कोंबलेला कागद, चिकटपट्टी. डिजिटल काट्यावर ठेवलं तर पाचशे एकोणीस.

मी पुन्हा ठेवलं. पाचशे एकोणीस. सामानाचं वजन ऐंशी धरलं तरी चारशे ऐंशी व्हायला हवं होतं. पाकीट उघडून नुसत्या वड्या तोलल्या. चारशे एकोणचाळीस.

"मोठीमाय, हे वरचे कुठून आले?"

"वरची मूठ," ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं की सूर्य कुठून उगवतो.

प्रदर्शनात ती काट्यावर वजन करायची आणि मग डोळे न मिचकावता एक मूठ वर टाकायची. प्रत्येकाला. कलेक्टर आला तरी आणि शेजारीण आली तरी. दुकानदाराला माल देत नव्हती तेही याच्यापायी; त्याने एकदा पाकिटं उघडून वरच्या मुठी काढून घेतल्या आणि त्यांची वेगळी पाकिटं विकली, तेव्हापासून त्याच्या दुकानासमोरून जाताना ती पदर नाकाला लावते.

बंगळुरातल्या बाईच्या दारात सामान पडायचं ते अर्ध्या किलोच्या भावात पडावं, म्हणून मी हळूच ती मूठ काढून ओढणीखाली घेतली. आणि मोठीमाय ओरडली. कबुतरं उडाली. इथपर्यंत आपण आलो.

"हे पाय मोठीमाय," मी समजावलं, "पाचशेच्या वर एक ग्रॅम गेला की एक किलोचा भाव. चाळीस ग्रॅम वड्यांपायी तिले पाठवणावळ दुपटीच्या जवळ पडन. ती घेणारच नाही."

"नाही घेतलं तं नाही घेतलं. मूठ राहीन."

"कशापायी पण?"

"पाव्हणा आला तं?"

तिचं म्हणणं असं होतं: घरात चौघं, भाजी चौघांची, आणि ऐन वेळी दारात पाचवा उभा राहिला तर? मापात घरची माणसं जेवतात. वरची मूठ त्या न सांगता आलेल्या पाचव्याची. ती तिच्या सासूने टाकली, तिने टाकली, आणि बंगळुरात काय पाव्हणे जात नाहीत?

"मंग असं करू," अध्यक्षीणबाई तोडगा काढायला सरसावल्या, "लेबलावर चारशे चाळीसच लिहू. मूठ धरून. किलोचा भाव पडला तं पडला, निदान मुठीचे पैसे येतीन."

"लिव्ह," मोठीमाय म्हणाली. "मी त्याच्यावर टाकीन."

"अवं, ती धरूनच आहे ना!"

"मोजली ते वरची कशी होईन?"

साडेचारशे लिहिलं की तिची मूठ साडेचारशेवर. पाचशे लिहिलं की पाचशेवर. एक किलो लिहिलं तर एक किलोवर. आकडा कुठेही नेला तरी ती मूठ त्याच्या डोक्यावर जाऊन बसणार. मला तर वाटलं, आम्ही लिहीत लिहीत पारशिवनीपर्यंत गेलो असतो आणि मोठीमाय मूठ घेऊन मागे आली असती.

बंगळुराहून पुन्हा फोन टुणटुणला. बाई विचारत होत्या: कळवताय ना?

"सांगून टाक तिले, बंद आहे," मोठीमाय म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. एकदा उठली असती तर पाटा संध्याकाळी भिंतीला लागला असता, आणि तो पुन्हा आडवा करायला तिला कुणी लावू शकलं नसतं.

मी काटा पुढे ओढला. का ओढला ते मलाही नक्की माहीत नव्हतं. एक गोष्ट मघापासून मला टोचत होती, एवढंच. "मोठीमाय, बस जरा. मले एक पाहायचं आहे. एक मूठ टाक."

"कायले?"

"टाक तं."

तिने टाकली. एकोणचाळीस ग्रॅम. "आणखी एक." अडतीस. "आणखी." एकोणचाळीस. बायका पुढे सरकल्या. चौथी चाळीस, पाचवी एकोणचाळीस. टेलरबाईंनी आपली मूठ टाकून पाहिली: एकदा तीस, एकदा बावन्न. अध्यक्षीणबाईंची एकवीस, आणि त्यावर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मोठीमायच्या दहा मुठी तोलल्या. चाळीसच्या वर एकही गेली नाही. गोदामात दोन लाखांचं यंत्र होतं, तेही दुपारच्या जेवणानंतर इतकं सरळ चालत नव्हतं.

"हिचा हात तं काटाच आहे," मी म्हटलं. "पण त्याचं करायचं काय, ते मले सुचून नाही राहिलं."

टेलरबाई मात्र खोक्याकडे एक डोळा बारीक करून बघत होत्या, ब्लाऊजच्या कापडाकडे बघतात तशा.

"तुम्ही सगळ्या येड्या आहा," त्या म्हणाल्या. "अंगाएवढं कापड कापलं तं शिलाई कुठून घालान? शिलाईची जागा पहिले सोडा लागते, मंग माप. खोकं मोठं होत नाही ना? मूठ लहान होत नाही ना? मंग माप लहान करा. साडेतीनशे लिव्हा."

मी बोटांवर मोजलं. साडेतीनशे, वर चाळीस, ऐंशीचं सामान. चारशे सत्तर.

"अन् किंमत?" मोठीमायने विचारलं. ती अजून अर्धी उठलेलीच होती.

"साडेतीनशेचीच. चारशेची नाही."

"अन् मूठ लेबलावर?"

"नाही. लेबलावर साडेतीनशे. मूठ कुठंच नाही लिव्हायची."

मोठीमायने गुडघ्यावरचा हात काढला. मग खाली बसली, काट्यावर साडेतीनशे होईपर्यंत वड्या घातल्या, शेवटची एक वडी तोडून अर्धी टाकली, आणि साडेतीनशेवर आकडा थांबल्यावर आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मूठ टाकली. इतक्या थाटात, की काट्यालाही मान तुकवावी लागली. पाकीट बंद केलं, खोकं बांधलं, ठेवलं. चारशे अडुसष्ट.

आम्ही यादीत वजन आणि किंमत बदलली, नवीन वजनाचं लेबल चिकटवून फोटोही बदलला. बंगळुराला कळवलं: पाकीट साडेतीनशेचं आहे, किंमत त्याप्रमाणे कमी, पाठवणावळ अर्ध्या किलोची. उत्तर आलं, चालेल. मग आम्ही गटाच्या खात्याचा क्यूआर पाठवला. आणि इथे अध्यक्षीणबाईंनी फोन हातात घेऊन विचारलं, "पैसे येऊन राहिले, आता मी आपला पिन टाकू?"

यावेळी मी ओरडले. कबुतरं नुकतीच परतली होती, ती पुन्हा गेली.

"पैसे घ्यायले पिन कधीच लागत नाही! कोणीबी सांगितलं, फोनवर कितीबी गोड बोललं, पैसे येण्यासाठी पिन टाका म्हटलं, का समजा पैसे चालले!"

ते वाक्य मी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. माझ्या पंधरा मिनिटांच्या भाषणातलं तेवढंच पूर्ण झालेलं वाक्य. पैसे आले, खात्यात दिसले, मग पत्ता मागवला: नाव, घर, रस्ता, पिनकोड, फोन नंबर. ते सगळं खोक्यावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला. मोठीमायने त्याला पाणी दिलं, खोकं सरळ धरायला सांगितलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या गाडीकडे बघत उभी राहिली, लेक सासरी निघाल्यासारखी. वड्या काही रडल्या नाहीत, एवढंच.

पाचव्या दिवशी बंगळुरातल्या बाईंचा निरोप आला. पाकीट मिळालं, आणखी तीन पाठवा. तेवढाच निरोप होता. मी तो घेऊन मोठीमायच्या गच्चीवर निघाले आणि जिना चढता चढता तो माझ्या तोंडात वाढत गेला. पहिल्या पायरीला तीन पाकिटं होती, मधल्या पायरीला बंगळुरातला अर्धा ग्रुप मागे लागला होता, आणि वर पोचेपर्यंत मी तिकडे नुसत्या वड्यांचं एक विमान उतरवून टाकलं होतं. मोठीमाय लुगडं अंथरून पाटावर बसली होती, हात पिठात होते.

"मोठीमाय," मी धापा टाकत म्हटलं, "आता खरं सांग. पाटा उभा करतं का आडवाच ठेवतं?"

तिने वर पाहिलं नाही.

"सर तिकडे. ऊन अडवून राहिली."